रबाळ्याला, सानपाड्याला, पण नेरूळला

कोपरखैरण्याच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मी सहावीला मराठी शिकवते. वर्गातील काही मुलांच्या घरी मराठी बोलली जाते, तर काही मुले अन्य राज्यांतून अलीकडेच आलेली असून त्यांना मराठीचे जेमतेम वाचन येते. नामाला प्रत्यय लागताना होणारे सामान्यरूप या सर्वांना एकाच तासात शिकवायचे होते.

विभागात पूर्वीपासून चालत आलेल्या कार्यपत्रिकेत सहा रिकाम्या जागा आणि चौकटीत नेमके सहा तयार शब्द असत. नवशिक्या मुलांना ती सोपी जाई, कारण शब्द एकेक करून संपत जात आणि शेवटची जागा आपोआप भरली जाई. मात्र पत्रिका उलटी ठेवून तेच वाक्य तोंडी विचारले की मूल गप्प बसे. हुशार मुलांसाठी त्याच धर्तीची आणखी दहा वाक्ये असत, म्हणजे लवकर काम संपवल्याची शिक्षाच.

नव्या पत्रिकेसाठी मी ठाण्याहून सुटणाऱ्या ट्रान्स-हार्बर गाडीतील प्रवासाचा एक छोटा उतारा लिहिला आणि तो सर्वांना सारखाच दिला. निराळा होता तो उताऱ्याखालचा भाग. नवशिक्यांसाठी तीन रकान्यांचा तक्ता होता: मूळ शब्द, सामान्यरूप आणि प्रत्यय लागलेला शब्द. पहिल्या ओळीत 'डबा, डब्या-, डब्यात' असे सगळे भरून दिले होते. दुसऱ्या ओळीत 'रस्ता, रस्त्या-' एवढेच दिले होते, तिसरीत फक्त 'जिना', आणि चौथ्या ओळीत मूळ शब्दही मुलानेच उताऱ्यातून शोधायचा होता. या तक्त्यात मी मुद्दाम आकारान्त पुल्लिंगी नामेच घेतली होती. हिंदीभाषक मुलांना 'रास्ते में' हे रूप ठाऊक असल्यामुळे शब्द बदलतो ही कल्पना त्यांना नवी नसते, पण त्याच सवयीने ती 'रस्तेमध्ये' असे लिहितात. म्हणून मधला रकाना, जिथे 'ते' ऐवजी 'त्या' येतो, तो स्वतंत्र दाखवणे आवश्यक होते.

मराठी घरांतील मुले ही रूपे न विचार करता बिनचूक बोलतात, त्यामुळे त्यांना रिकाम्या जागा देण्यात अर्थ नव्हता. त्यांना मी ठाणे, दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली, सानपाडा, वाशी, जुईनगर, नेरूळ अशी स्थानकांची यादी दिली आणि प्रत्येक नावाला 'ला' जोडून त्यातून नियम स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगितले. गाडीतील उद्घोषणेत ही नावे मुले रोज ऐकतात, पण तिथे ती प्रत्ययाविना येतात. लवकरच 'ठाण्याला, रबाळ्याला' आणि 'दिघ्याला, सानपाड्याला' असे गट पडले. ऐरोली, घणसोली आणि वाशी मात्र जशीच्या तशी राहिली. मग एका मुलीने विचारले, "टीचर, फलाटचं 'फलाटाला' होतं, मग नेरूळचं 'नेरूळाला' का नाही?" मी उत्तर न देता त्या गटाला वर्गातील मुलांची नावे घेऊन पाहायला सांगितले. 'फलाट'सारख्या अकारान्त सामान्यनामात 'आ' येतो, पण अकारान्त विशेषनाम आज बहुधा तसेच ठेवले जाते, इथवर ती मुले स्वतःच पोहोचली. तुर्भे हे नाव मी यादीतून वगळले होते, पण एकाने ते आठवून काढलेच, आणि 'तुर्भ्याला' की 'तुर्भेला' यावर गटाचे दोन तट पडले. दोन्ही रूपे ऐकू येतात, तेव्हा कोण कोणते वापरते हे घरी आणि स्थानकावर विचारून येण्याचे काम मी त्यांना दिले.

तासाच्या शेवटी नवशिक्यांच्या पत्रिका झाकून मी तोंडी प्रश्न विचारले. कोपऱ्यातील झाडूकडे बोट दाखवून "झाडू कुठे आहे?" असे विचारताच, उत्तर प्रदेशातून आलेल्या आणि एरवी मान हलवूनच उत्तर देणाऱ्या एका मुलाने "कोपऱ्यात" असे सांगितले. 'कोपरा' हा शब्द पत्रिकेत कुठेही नव्हता. नंतर "तू आता कुठे आहेस?" या प्रश्नावर तो तितक्याच ठामपणे म्हणाला, "शाळ्यात." दोन-तीन मुले हसली, मला मात्र हे चुकलेले उत्तर आधीच्या बरोबर उत्तरापेक्षा अधिक मोलाचे वाटले. 'कोपऱ्यात' त्याने कदाचित कुठे ऐकले असेल, पण 'शाळ्यात' कोणीच म्हणत नाही. ते रूप त्याने नियम लावूनच घडवलेले होते. त्याला अजून माहीत नव्हते ते एवढेच, की आकारान्त स्त्रीलिंगी नामाचा 'आ' जाऊन 'ए' येतो.

त्यामुळे पुढच्या पत्रिकेत तक्त्याच्या डावीकडे 'तो' किंवा 'ती' लिहिण्यासाठी आणखी एक अरुंद रकाना वाढवला, आणि 'तो जिना' व 'ती शाळा' एकाखाली एक ठेवले. 'डबा'ची भरलेली ओळ त्या मुलाच्या पत्रिकेतून काढून टाकली, कारण त्याला आता तिची गरज उरली नव्हती. त्याच्या शेजारच्या मुलीच्या पत्रिकेत ती तशीच ठेवली.