राजीनाम्याचा कागद

२०२२ च्या पावसाळ्यातली दुपार. मी लेबर कोर्टातून नुकतीच बाहेर पडले होते, तेवढ्यात एका मुलीचा फोन आला. ती हिंजवडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायची, नोकरीला सहा वर्षं पूर्ण झालेली. ती बाथरूममधून दबक्या आवाजात बोलत होती. "ताई, पीआयपीचे, म्हणजे काम सुधारून दाखवायला दिलेले साठ दिवस आज संपले. एचआरने टाईप केलेला राजीनामा समोर ठेवलाय. सही केली नाही तर रिलीव्हिंग लेटर खराब देऊ म्हणतात."

मी म्हटलं, "सही करू नकोस. काढताय ते लेखी द्या, एवढंच सांग आणि घरी जाऊन आजचं सगळं बोलणं त्यांना मेल कर."

सगळं त्या एका सहीवर अडलेलं असतं. स्वतःहून राजीनामा दिला की ती नोकरकपात राहत नाही आणि कपातीची भरपाई हातची जाते. मग सही जबरदस्तीने घेतली हे आपणच सिद्ध करत बसायचं, आणि पुरावा बहुतेक वेळा नसतो.

तिने सही केली नाही. दोन दिवसांनी 'कामगिरी असमाधानकारक' असं कारण देऊन सेवासमाप्तीचं पत्र आलं. चौकशी न करता असं काढणं औद्योगिक विवाद कायद्यात कपातच धरलं जातं. त्यासाठी एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. यांनी फक्त नोटिशीचा पगार दिला होता.

समेट अधिकाऱ्यापुढे कंपनी म्हणाली, ही तर 'असोसिएट मॅनेजर', कामगार नव्हेच, म्हणजे हा कायदा हिला लागूच नाही. मी तिचे वर्षभराचे टेस्ट रिपोर्ट टेबलावर ठेवले. तिच्या हाताखाली एकही माणूस नव्हता, कुणाची रजा तिने कधी मंजूर केली नव्हती. पदाच्या नावाला किंमत नाही, रोजचं काम काय ते बघतात. अशा हाताने काम करणाऱ्याला जास्त पगार आड येत नाही.

तिला नोकरी परत नको होती, आणि कोर्टही हल्ली बऱ्याचदा पैशांवरच भागवतं. तिसऱ्या तारखेला तडजोड झाली: सहा वर्षांची भरपाई आणि साधं रिलीव्हिंग लेटर. ग्रॅच्युइटी वेगळी, ती पाच वर्षं भरली की राजीनाम्यानंतरही मिळते. मूळ पगार ३६,४०० होता. त्याला २६ ने भागून १५ दिवस आणि सहा वर्षांनी गुणलं की १,२६,००० होतात.

नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक विवाद कायदा औद्योगिक संबंध संहितेत गेलाय. तक्रारीची मुदत तीन वर्षांची दोन झालीय, तेव्हा उशीर करू नका.

तिची तडजोड झाली त्याच आठवड्यात तिचा टीम लीडही माझ्याकडे आला. त्यालाही पीआयपी लावूनच काढलं होतं. पण आठ जणांचं रेटिंग तो लिहायचा, रजा तो द्यायचा. त्याच्या करारात दोन महिन्यांची नोटीस होती. तेवढा पगार आणि ग्रॅच्युइटी, यापलीकडे त्याच्यासाठी मागण्यासारखं मला काही सापडलं नाही.