तेहेतीस डॉलरचं पत्र

इन्व्हॉइस १,२०० डॉलरचं होतं, खात्यात जमा झाले १,१६०. पहिला विचार मनात आला तो हाच, की क्लायंटने परस्पर चाळीस डॉलर कापले. तिरीमिरीत लिहिलेला ईमेल सुदैवाने ड्राफ्टमध्येच राहिला.

आधी बँकेकडून त्या पेमेंटच्या MT103 ची, म्हणजे पैसे पाठवताना बँका एकमेकींना देतात त्या मेसेजची, प्रत मागवली. दोन दिवसांनी ती हातात आली आणि सगळा हिशोब तिथेच सापडला:

```
:32A: ...USD1167,
:33B: USD1200,
:71A: SHA
:71F: USD18,
:71F: USD15,
```

33B म्हणजे क्लायंटने पाठवायला सांगितलेली रक्कम. म्हणजे बिचाऱ्याने पैसे पूर्णच पाठवले होते! SHA म्हणजे खर्च वाटून: त्याच्या बँकेचं शुल्क त्याने भरायचं, वाटेतल्या बँकांचं आणि शेवटच्या बँकेचं माझ्या पैशांतून जायचं. OUR असतं, तर वाटेतल्या बँकांचं शुल्कही त्यानेच भरलं असतं. दोन 71F म्हणजे वाटेत दोनदा झालेली कपात. माझ्या बँकेपर्यंत १,१६७ पोचले आणि उरलेले सात माझ्याच बँकेने घेतले. (आता बऱ्याच ठिकाणी नव्या पद्धतीचा मेसेज असतो, त्यात SHA ऐवजी SHAR आणि OUR ऐवजी DEBT दिसतं.)

आता मागायचे किती? चाळीस नाही, तेहेतीस. माझी बँक मी निवडलेली, तिचे सात डॉलर दुसऱ्याच्या माथी मारणं मला पटेना. शिवाय बँकेचे चार्जेस कोणी सोसायचे हे माझ्या इन्व्हॉइसवर कुठेच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे हक्काची भाषाही शोभली नसती. शेवटी गेलेलं पत्र असं:

"नमस्कार. पेमेंट मिळालं, आभारी आहे. आपण पूर्ण १,२०० डॉलर पाठवलेत हे बँकेच्या कागदावरून दिसतं. मात्र वाटेतल्या बँकांनी ३३ डॉलर कापल्यामुळे आमच्या बँकेत १,१६७ पोचले. प्रत सोबत जोडली आहे. हे ३३ डॉलर आता वेगळे पाठवू नयेत, त्यातूनही पुन्हा कपात होईल. आपली हरकत नसेल तर पुढच्या इन्व्हॉइसमध्ये ते वेगळ्या ओळीत दाखवते. पुढच्या वेळी पैसे पाठवताना चार्जेससाठी OUR हा पर्याय निवडावा, ही विनंती."

"कमी पैसे दिलेत" हे शब्द मुद्दाम टाळले, कारण त्याच्या खात्यातून पूर्ण रक्कम गेलेली. तसं लिहिलं असतं, तर त्याने डेबिटची पावती पुढे केली असती आणि वाद तिथेच अडला असता.

उत्तर त्यांच्या अकाउंट्सकडून आलं, एका ओळीचं: "चालेल, फॉर्ममध्ये SHA आपोआप निवडलेलं असतं, बदलतो." पुढचं इन्व्हॉइस ९५० अधिक ३३, असं ९८३ चं केलं आणि तळाशी लिहिलं, 'पाठवणाऱ्या व मधल्या बँकांचे चार्जेस क्लायंटकडे'. या खेपेला जमा झाले ९७६. सात डॉलर आमच्या बँकेचे, नेहमीचेच.