आमची वाटचाल: रात्रीच्या बॅकअपपासून पंधरा मिनिटांपर्यंत

सुरुवातीची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. सर्व्हर बसवले, बिलं काढली. खरी कसोटी लागली ती एक मोठा स्पर्धक ‘सगळं क्लाउडवर, रोज आपोआप’ म्हणत शिरला तेव्हा. आमचे निम्मे ग्राहक त्याच्याकडे गेले. दोन पोरांना कामावरून कमी करावं लागलं, ते अजून सलतं.

औषधांचे एक घाऊक व्यापारी, आम्ही त्यांना काका म्हणतो, ते मात्र हलले नाहीत. त्यांच्या टेबलाशी बसूनच आम्ही आरपीओ, म्हणजे जास्तीत जास्त किती वेळाच्या नोंदी गेल्या तरी चालतील, तो ठरवला. विचारलं, “काका, किती तासांची नोंद हाताने पुन्हा भरता येईल?” ते म्हणाले, “चलनं कागदावर आहेत, ती भरू. फोनवरच्या ऑर्डरी कुठून आणू?” म्हणून आरपीओ पंधरा मिनिटांचा. आरटीओ, म्हणजे बंद पडलेलं काम किती वेळात पुन्हा सुरू व्हायला हवं, तो दोन तासांचा, कारण संध्याकाळी माल निघतो.

मग वेळापत्रक: रात्री फुल, म्हणजे सगळ्याचा बॅकअप; दुपारी एकला डिफरन्शिअल, म्हणजे फुलनंतर बदललेलं तेवढंच; दर पंधरा मिनिटांनी लॉग, म्हणजे मागच्या लॉगनंतरच्या व्यवहारांची नोंद. लॉग लगेच दुसऱ्या मशीनवर जायचा. त्याच डिस्कवर पडून राहिलेल्या बॅकअपचा उपयोग शून्य. एसक्यूएल सर्व्हरचा रिकव्हरी मॉडेल ‘सिंपल’ असेल तर लॉग बॅकअप होतच नाही, हे आधी तपासा:

```sql
SELECT name, recovery_model_desc
FROM sys.databases;
```

एके दिवशी दुपारी 3:10 ला काकांच्या सर्व्हरचा डिस्क सांभाळणारा रेड कंट्रोलर गेला. शेवटचा लॉग 3:00 चा. डिफरन्शिअल होता म्हणून फुलनंतर तो आणि त्यापुढचे आठच लॉग चढवायचे होते. नाहीतर रात्रीपासूनची सगळी साखळी लावावी लागली असती, आणि त्यातला एक लॉग खराब निघाला की पुढचे सगळे वाया. एकूण डेटा 300 जीबी, पण त्यातला डेटाबेस 30 जीबीचाच, बाकी स्कॅन केलेली बिलं. यूएसबी डिस्कवरून सेकंदाला 100 एमबी मिळाले, म्हणजे डेटाबेसची कॉपी पाच मिनिटांत. स्कॅन रात्री चढवले. पाचच्या आत काउंटर सुरू, गमावल्या त्या फक्त दहा मिनिटांच्या ऑर्डरी.

हाच 300 जीबी क्लाउडवरून 100 एमबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबीच्या, इंटरनेट लाइनवरून उतरवायचा तर पूर्ण वेग मिळूनही सुमारे पावणेसात तास लागतात. स्पर्धकाकडे गेलेल्या आमच्या एका जुन्या ग्राहकाला हे सर्व्हर बंद पडल्यावरच कळलं. त्याला आधी कुणी हा भागाकार करून दाखवला नव्हता.

कुणी विचारलं नाही तरी सांगतो: आरटीओचं घड्याळ मशीन बंद पडल्यापासून चालतं, रिस्टोर सुरू केल्यापासून नाही. फोन, येणं-जाणं, पर्यायी मशीन, शेवटचं बिल जुळवून पाहणं, सगळं त्यात धरा. आम्ही दर तिमाहीला काकांचा डेटा मोकळ्या मशीनवर चढवतो आणि लागलेली मिनिटं त्यांच्याच वहीत त्यांच्या सहीने लिहितो. स्पर्धकाच्या माहितीपत्रकावर हल्ली ‘आरपीओ पंधरा मिनिटं’ छापून येतं. आरटीओचा रकाना तिथे अजून नाही.