राउंड फिगरला ‘नाही’ म्हणताना

सगळं ठरलेलं असतं. ओट्याखालचं माप घेऊन झालेलं, लॅमिनेटचा रंग पसंत पडलेला, लॉफ्ट हवा की नको यावरचा घरातला वाद आमच्या टेबलावरच मिटलेला. मी पावती पुस्तक पुढे ओढतो आणि समोरून येतं, ‘चला, राउंड फिगर करून टाका.’ ठाण्यात किचन ट्रॉल्या विकताना हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, तरी अजून चिडचिड होते. कारण राउंड फिगर कधीच वरच्या बाजूला होत नाही.

माप, ड्रॉइंग, रंग हे सगळं सुरळीत होतं, त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. गाडी अडते ती इथे, म्हणून एक एस्टिमेट उघडूनच दाखवतो. घोडबंदर रोडवरचा टू बीएचके, बिल्डरने दिलेला एल आकाराचा ग्रॅनाइटचा ओटा. खालची युनिट्स ७८,०००, वरची ४६,०००, ड्रॉवर-बिजागऱ्यांचं हार्डवेअर ३८,०००, लॉफ्ट १८,०००, वाहतूक आणि फिटिंग १०,०००. बेरीज १,९०,०००. त्यातून ५ टक्के सूट आधीच दिलेली, म्हणजे १,८०,५००. त्यावर १८ टक्के जीएसटी ३२,४९०. एकूण २,१२,९९०. आणि मागणी अशी : ‘दोन लाखांत बसवा, आत्ता टोकन देतो.’

मागणाऱ्याला हे जेमतेम ६ टक्के वाटतात, आणि त्याच्या बाजूने ते खरंही आहे. आपली बाजू वेगळी. रक्कम दोन लाखांवर आली की करही कमी होतो, त्यामुळे १२,९९० मधले दुकानाचे जातात ११,००८. या कामात प्लाय, लॅमिनेट, हार्डवेअर, सुतार आणि टेम्पो मिळून १,४६,००० खर्च आहे. १,८०,५०० मधून उरतात ३४,५००. त्यातून दुकानाचं भाडं, पगार, वीज आणि पुढच्या वर्षभरात कपाटाचं शटर खाली आलंय म्हणून ग्राहकाकडे मारायच्या चार फेऱ्या. या ३४,५०० मधून ११,००८ गेले म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. हा आकडा ग्राहकाला सांगायचा नाही, पण टेबलावर बसण्याआधी आपल्याला पाठ हवा. तो पाठ नसला की ‘नाही’ म्हणताना आवाज मऊ पडतो, आणि समोरच्याला ते लगेच कळतं.

इथे सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य म्हणजे ‘थांबा, मालकांना विचारून येतो.’ आत जायचं, दोन मिनिटं पाणी प्यायचं, बाहेर येऊन पाच हजार कमी करायचे. आपल्याला वाटतं, ग्राहक खूश झाला. तो मात्र एवढंच शिकतो की आत माणूस पाठवला की पाच हजार सुटतात, मग अजून एकदा का नको पाठवायला? शिवाय निर्णय घेणारा माणूस आत बसलाय हे कळलं की आपल्या ‘नाही’ला काही वजनच उरत नाही. सूट द्यायचा अधिकार किती आहे ते सकाळीच ठरवून घ्यावं आणि टेबलावरून उठू नये.

‘परवडत नाही हो’ हेही चालत नाही. परवडत नाही असं प्रत्येक दुकानदार म्हणतो, अगदी परवडत असतानाही. ग्राहकाच्या कानाला तो नकार वाटतच नाही, घासाघीस सुरू झाल्याची घंटा वाटते. आणि चिमणीचा पाइप किंवा कटलरी ट्रे फुकट टाकून वेळ मारून नेली, तर पैसे तेवढेच जातात, वर पुढच्या महिन्यात त्याच सोसायटीतला शेजारी तीच वस्तू हक्काने मागतो.

मी जे म्हणतो ते असं : ‘ताई, याच मालात आणि याच दरात दोन लाख होणार नाहीत. दोन लाखांत बसवायचंच असेल तर बसवू, त्यासाठी काय काढायचं ते आपण मिळून बघू.’ पहिलं वाक्य पूर्ण नकाराचं आहे, त्यात ‘बघतो’, ‘प्रयत्न करतो’ असलं काही नाही. दुसरं वाक्य ऑर्डर टेबलावरच ठेवतं. दोन्ही एका दमात यायला हवीत. पहिल्यानंतर थांबलात तर माणूस पर्स उचलतो.

मग एस्टिमेटचा कागद फिरवून त्यांच्याकडे करायचा, पेन्सिल त्यांच्या हातात द्यायची आणि गप्प बसायचं. हे सगळ्यात अवघड. अर्धा मिनिट कुणी बोलत नाही, नवरा छताकडे बघतो, आणि नव्या सेल्समनच्या तोंडून हमखास ‘चला, दोन हजार माझ्याकडून’ निघून जातं. ती शांतता त्यांच्या हिशेबाची असते, आपल्याबद्दलच्या नाराजीची नाही. चहा मागवायचाच असेल तर आधी मागवावा, त्या अर्ध्या मिनिटात नाही.

कशावर पेन्सिल चालवता येईल हे मात्र आपणच दाखवायचं. या एस्टिमेटमध्ये तीन टँडम ड्रॉवर आहेत, प्रत्येकी ६,५००. चमचे-डावांचा वरचा ड्रॉवर दिवसातून वीसदा उघडतो, तो टँडमच राहू दे. खालच्या दोनांत साध्या टेलिस्कोपिक चॅनलवर प्लायचे ड्रॉवर केले तर ते प्रत्येकी ३,००० ला होतात. वजन तेही पेलतात, फक्त आपोआप हळू बंद होत नाहीत आणि दिसायला साधे असतात. इथे ७,००० वाचले. दुसरा, तेलाच्या बाटल्यांचा बॉटल पुलआउट, ५,५००. तो काढला तर ती अरुंद जागा परात, पोळपाट आणि ट्रे उभे ठेवायला वापरता येते. दोन्ही धरून १२,५०० कमी, बेरीज १,७७,५००. तीच ५ टक्के सूट आणि तोच कर लावून १,९८,९७८. दोन लाखांच्या आत. दर एका रुपयानेही हललेला नाही.

काही ओळींवर पेन्सिल पोचू द्यायची नाही. सिंकखालच्या युनिटचा प्लाय आयएस ७१० चा, म्हणजे मरीन म्हणतात तोच राहिला पाहिजे. तिथे साधा कमर्शियल प्लाय टाकून चार हजार वाचवता येतात, पण सिंकच्या सांध्यातून पाणी झिरपलं की तो फुगतो, थर सुटतात, आणि बिजागरीचे स्क्रू धरत नाहीत. तक्रार घेऊन येणाऱ्याला तेव्हा आपण पैसे वाचवले होते हे आठवत नाही. शटरच्या कडांची एज बँडिंगही तशीच, तिच्यात काटकसर केली तर दोन पावसाळ्यांत कडा उघड्या पडतात. ग्राहकाने हट्ट धरला तर या दोन ठिकाणी ऑर्डर सोडून द्यावी, असं माझं मत आहे. दुकानातले सगळेच याला तयार नसतात.

या कामात पुढे काय झालं? दोघांनी टँडमवर बराच वेळ काढला, शोरूममधला ड्रॉवर चारदा उघड-बंद केला आणि तिन्ही तसेच ठेवले. पुलआउट मात्र गेला. एस्टिमेट आलं २,०६,८२५ वर. राउंड फिगरचा विषय पुन्हा निघाला नाही, कारण आता ती रक्कम त्यांनीच तयार केलेली होती.

मुळात ही वेळ का आली, तर ती ५ टक्के सूट आम्ही काहीही न मागता, कारण न सांगता आधीच देऊन टाकली होती म्हणून. विनाकारण मिळालेली सूट म्हणजे अजून शिल्लक असणार, हा तर्क ग्राहकाच्या जागी मीही करीन. आता एस्टिमेटवरच लिहिलेलं असतं : ‘५ टक्के सूट, त्याच दिवशी ५० टक्के अ‍ॅडव्हान्स दिल्यास.’ अ‍ॅडव्हान्स आला की प्लाय उधारीवर उचलावा लागत नाही, म्हणजे सुटीचा खर्च कुठून निघाला हे दाखवता येतं. जास्त सूट मागितली की तसंच काहीतरी बदल्यात मागता येतं. पितृपक्षात कुणी नवं काम घरात सुरू करत नाही, फिटर बसून असतात. त्या पंधरवड्यात फिटिंग चालत असेल तर फिटिंगमधले दोन-तीन हजार मी खुशीने सोडतो. दसऱ्याच्या आधी हवं असेल तर एक रुपयाही नाही.

‘उल्हासनगरला १,८०,००० ला मिळतंय’ हे ऐकलं की घाबरू नये आणि तिथल्या मालाला नावंही ठेवू नयेत. कोटेशन आहे का विचारावं आणि तळाची ओळ वाचावी. तिथे बहुतेक वेळा बारीक अक्षरात ‘जीएसटी वेगळा’ असतं. १,८०,००० वर १८ टक्के म्हणजे २,१२,४००. आमच्यापेक्षा ५९० रुपयांनी स्वस्त. हा गुणाकार आपण तोंडी सांगायचा नाही, कॅल्क्युलेटर त्यांच्याकडे सरकवायचा.

आणि ‘बिलच नको, जीएसटी काढून टाका’ असं म्हणणारे असतातच. त्यावर एवढंच सांगतो की बिल नाही तर वॉरंटी नाही, कारण हार्डवेअरच्या कंपनीकडे क्लेम करताना बिल लागतं. हा नकार सगळ्यात सोपा जातो, कारण तो मुद्दा ग्राहकाच्या फायद्याचा असतो. रोखीने सगळे देतो म्हणणाऱ्यालाही, एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख आम्हाला घेताच येत नाही, हे सांगून टाकावं.

सौदा पक्का झाला की जुन्या एस्टिमेटवर खाडाखोड करून सही घेऊ नका. नवं एस्टिमेट काढा, त्यावर तारीख घाला, आणि त्याच संध्याकाळी बदललेलं ड्रॉइंग फॅक्टरीला पाठवा. जुन्या ड्रॉइंगमध्ये तो बॉटल पुलआउट अजून असतोच. ते तसंच राहिलं तर पुलआउट बनून साइटवर येतो, फिटर तो बसवून मोकळा होतो, आणि बसलेला पुलआउट काढून परत न्यायची हिंमत कुणाची होत नाही. मग तो ५,५०० चा पुलआउट आपल्याच खिशातून फुकट गेलेला असतो.