पस्तीस म्हणजे किती

"अण्णा, फोटो पाठवलाय. हा पार्ट केवढ्या साईजचा आहे तेवढंच सांगा. एवढ्याला तुम्ही दहा प्रश्न का विचारता?"

कारण एकदा मी एकही प्रश्न विचारला नव्हता.

पण आधी हे कबूल करतो की तुमचं चिडणं मला कळतं. मटेरियलवाल्याला बार केवढ्याचा घ्यायचा ते हवं असतं, टेम्पोवाल्याला पेटी केवढी लागेल ते, आणि ज्याला भाव काढायचाय त्याला अंदाज. या तिघांना पस्तीस म्हटलं तर पस्तीस चालतं. मी मात्र तिघांनाही "ड्रॉइंगचा उजवा खालचा कोपरा दिसत नाही, पुन्हा फोटो काढा" म्हणतो. त्यामुळे कुपवाडच्या एमआयडीसीत माझं नाव काय पडलंय ते मला माहीत आहे. असू दे.

काम साधं होतं. चोवीस शाफ्ट, ईएन 8 पोलादाचे. पार्टी जुनी, म्हणून ड्रॉइंगची प्रत मागायची पद्धतच नव्हती. त्यांच्या परचेसच्या माणसाने टेबलावर कागद पसरून, बहुधा उभ्यानेच, मोबाईलने फोटो काढला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. फोटो म्हणून टाकला, डॉक्युमेंट म्हणून नाही. फोटो म्हणून टाकला की अ‍ॅप तो लहान करतं, आणि लहान करताना पहिला बळी बारीक अक्षरांचा जातो. रेषा टिकतात, मोठे आकडे टिकतात. आकड्याच्या शेजारचं अक्षर पुसट होतं.

मी तो मोठा करून बघितला. एकूण लांबी 212. डावीकडची पायरी 28, उजवीकडची 44. मधल्या भागावर कंसात काहीतरी होतं, 140 किंवा 146, शेवटचा आकडा घडीत गेलेला. इथे मी हुशारी केली, आणि ती बरोबर होती. 28 आणि 44 मिळून 72, 212 मधून गेले की उरतात 140. म्हणजे ते 140 च. लांब्यांचं हे बरं असतं, एक पुसली तर बाकीच्या तिची साक्ष देतात. तो फोटो आपण वाचला याचं मला इतकं बरं वाटलं, की पुढच्या गोष्टीकडे मी तशाच बऱ्या वाटण्यात गेलो.

(त्या कंसाचं एक सांगून टाकतो, कारण त्यावरून नंतर मी दुसऱ्या एकाशी भांडलोय. कंसातलं माप हे नुसतं माहितीसाठी असतं, त्याला स्वतःची टॉलरन्स, म्हणजे कमी-जास्त चालायची सवलत, नसते. त्या ड्रॉइंगवर खाली ISO 2768-m लिहिलेलं होतं, म्हणजे ज्या मापांपुढे काही लिहिलेलं नाही त्यांची सवलत त्या तक्त्यातून घ्यायची. 28 ला कमी-जास्त 0.2, 44 ला 0.3, 212 ला 0.5. मग मधला भाग किती? बाकीची तिन्ही मापं आपापल्या मर्यादेत असूनसुद्धा तो 139 पासून 141 पर्यंत कुठेही असू शकतो. एकाने तो मोजला, 140.7 आला, आणि मला म्हणाला माल रिजेक्ट. त्याला मी हा हिशोब कागदावर मांडून दाखवला. पटला नाही, पण माल घेतला.)

तर, डावीकडची पायरी. तिथे व्यास लिहिला होता Ø35, आणि पुढे एक अक्षर आणि 6. पस्तीसच्या किती वर-खाली चालेल ते या दोघांवरून ठरतं. ते अक्षर मी h वाचलं.

मी अक्षर स्पष्ट बघितलं का? नाही. एक उभी रेघ होती आणि तिला उजवीकडून काहीतरी चिकटलं होतं. h ची कमान असेल किंवा k चे दोन पाय, फोटोत दोन्ही एकाच काळ्या ठिपक्यात मिसळले होते. माझ्याकडे त्या काळात पंपाचं काम जास्त यायचं, त्यात h6 रोजचं. डोळ्याला जे रोज दिसतं तेच दिसलं. आणि इथे बेरीज करून खात्री करायची सोय नव्हती. लांबी चुकली तर बाकीच्या लांब्या ओरडतात. अक्षर चुकलं तर कागदावर सगळं गप्प असतं.

एक सोय होती खरं तर. बऱ्याच ड्रॉइंगवर कोपऱ्यात एक छोटा तक्ता असतो, त्यात अक्षरापुढे आकड्यांत फरक लिहिलेला असतो. या ड्रॉइंगवरही होता, ते मला नंतर कळलं. फोटोत तो कोपरा कापला गेला होता. कापला गेलाय हे मला तेव्हाही दिसत होतं, कागदाची चौकटच तिकडे अर्धवट होती. मी विचारलं नाही. संध्याकाळचे सात वाजले होते, ग्राइंडर रिकामा होता आणि पोरं थांबली होती. आता सांगताना ही कारणं वाटतात. तेव्हा तो नुसता आळस होता.

35 h6 म्हणजे वरची हद्द बरोबर 35.000 आणि खालची 34.984. आम्ही 34.99 च्या आसपास धरलं, दोन शाफ्ट 34.995 ला. मायक्रोमीटरने प्रत्येक तपासला, तेल लावून कागदात गुंडाळला, चलान केलं. इतकं स्वच्छ काम त्या महिन्यात दुसरं झालं नव्हतं.

चौथ्या दिवशी फोन आला. पलीकडचा फिटर म्हणाला, "अण्णा, बेअरिंग हातानं जातंय की वो."

ज्यांनी बेअरिंग बसवलंय त्यांना पुढचं सांगायला नको. त्या जागी बेअरिंग हाताने जायला नको होतं. ते तापवून किंवा प्रेसवर बसवायचं होतं. ड्रॉइंगवर होतं 35 k6, म्हणजे 35.002 ते 35.018. बेअरिंगचं भोक 35 चं, पण साध्या वर्गात ते 34.988 ते 35.000 असतं, कधीच 35 च्या वर नसतं. म्हणजे k6 मध्ये सगळ्यात बारीक शाफ्ट आणि सगळ्यात मोठं भोक एकत्र आलं तरी दोन मायक्रॉन घट्टच बसतं. माझा शाफ्ट 34.990 आणि भोक समजा 34.996, तर सहा मायक्रॉन सैल. शाफ्ट फिरतो, भार एकाच दिशेने असतो, मग आतली रिंग शाफ्टवर हळूहळू सरकत राहते. ती जागा आधी चकचकीत होते, मग काळी-तांबूस भुकटी सुटते, मग तिथे पायरी पडते. त्यांनी दोन मशीन जोडून चालवून बघितली होती. उघडली तेव्हा चकाकी दिसायला लागली होती.

उलटं झालं असतं तर, म्हणजे h च्या जागी k वाचला असता तर, वाचलो असतो. जास्त ठेवलेलं पुन्हा घासता येतं, घासलेलं पुन्हा चिकटवता येत नाही. हार्ड क्रोमचा पर्याय मी सुचवला, म्हणजे ती जागा अजून थोडी उतरवायची, क्रोम चढवायचं, पुन्हा ग्राइंड करायचं. पार्टी नाही म्हणाली. नवे चोवीस द्या म्हणाली, मटेरियलसकट. मी दिले.

परचेसचा माणूस म्हणाला, "ड्रॉइंगमध्ये स्पष्ट लिहिलंय." ड्रॉइंगमध्ये होतंच. फोटोत नव्हतं. हे वाक्य मी त्याला तीनदा ऐकवलं, आणि दर वेळी त्याने एकच उत्तर दिलं, "मग विचारायचं होतं." त्यावर माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं, आजही नाही. त्याने अर्धा फोटो पाठवला ही त्याची चूक, असं मी घरी सांगतो. दुकानात सांगत नाही, कारण पोरांनी मला त्या संध्याकाळी अक्षर वाचताना बघितलंय. धाकटा तर म्हणाला होता, "दादा, हे के वाटतंय." मी त्याला म्हटलं होतं, शाफ्टला एच असतं.

म्हणून आता तुम्ही फोटो पाठवला की मी आधी कोपरा मागतो. खाली मिलिमीटर लिहिलंय का, साधारण टॉलरन्सचा तक्ता कुठला, रिव्हिजन कितवी. मग ज्या जागेवर अक्षर आहे तिचा जवळून, कागदाच्या बरोबर वरून काढलेला वेगळा फोटो. आणि शेवटी एक प्रश्न, ज्यावर तुम्ही सगळ्यात जास्त वैतागता, की यावर काय बसणार आहे. त्या दिवशी हा एकच प्रश्न विचारला असता तर पलीकडून "6207" असं उत्तर आलं असतं, आणि फिरत्या शाफ्टवर ते बेअरिंग बसणार म्हटल्यावर मला h चा संशय आला असता.

एक गोष्ट मात्र मी करत नाही, कितीही आग्रह केला तरी. फोटोवर पट्टी ठेवून माप काढत नाही. मोबाईल जरा तिरका धरला की कागदाची जवळची बाजू मोठी येते आणि लांबची लहान. एकाच चित्रात डावीकडचे 28 आणि उजवीकडचे 28 वेगळे भरतात. शिवाय मूळ कागद झेरॉक्सची झेरॉक्स असेल तर तो किती आखडला ते देवाला ठाऊक. लिहिलेला आकडा वाचता येत नसेल तर तो आकडा माझ्याकडे नाही, एवढंच.

आता दुसरी बाजू. मागच्या महिन्यात एका शेतकऱ्याने ऊस तोडणीच्या गाडीच्या पिनेचा फोटो पाठवला. हाताने काढलेलं चित्र, त्यावर "25" एवढंच. मी त्याला अक्षर विचारलं, टॉलरन्स विचारली, काय बसणार विचारलं. तो म्हणाला, "दादा, सव्वीसच्या भोकात जायची हाय, पडली नाही म्हंजे झालं." तो दुसरीकडून करून घेऊन गेला. तिथे मी चुकलो का? ड्रॉइंगच्या धाकाने मी साध्या माणसाला साधं उत्तर द्यायचं विसरलो, असं बायको म्हणते. तिला मी म्हटलं, पंचवीस पूर्णांक दोन झाली असती तरी चालली असती, ते त्याला माहीत होतं, मला नव्हतं. ती म्हणाली, "मग त्यानं सांगितलं ते ऐकायचं होतं." खरं म्हणजे तो प्रश्न मीच विचारला होता, आणि त्याने उत्तरही दिलं होतं. मी तरीही अक्षर मागत बसलो.

त्या चोवीसातला एक शाफ्ट अजून माझ्या टेबलावर आहे, चलानांवर ठेवायला. नवीन पोरगा आला की हमखास व्हर्निअर लावून बघतो आणि मला सांगतो, "अण्णा, पस्तीस." व्हर्निअरवर पस्तीसच येतं.