शेवटच्या तारखेचं पाकीट

चिकन सलामीच्या त्या बॅचचा रिपोर्ट महिनाभरापूर्वी मीच सही करून दिला होता: पाच पाकिटं, प्रत्येकी 25 ग्रॅम, लिस्टेरिया हा रोगजंतू सापडला नाही. माल बाजारात गेला. त्याच बॅचची राखीव पाकिटं आमच्या लॅबमध्ये 4 अंशांवर ठेवलेली होती. कंपनीला 30 दिवसांची मुदत छापायची होती, म्हणून तिसाव्या दिवशी पुन्हा पाच पाकिटं उघडायची असं ठरलं होतं.

पाकिटं उघडली तेव्हा काहीच वावगं दिसलं नाही. पाउच फुगलेला नव्हता, चकत्या गुलाबी होत्या, चिकटपणा नव्हता की आंबूस वास नव्हता. प्रत्येकातले 10 ग्रॅम घेऊन नेहमीप्रमाणे पातळ केले, जंतू वाढवायच्या प्लेटांवर पसरले आणि प्लेटा 37 अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये गेल्या. दोन दिवसांनी काढल्या तर चार पाकिटांच्या प्लेटा स्वच्छ. पाचव्याची मात्र हिरवट-निळ्या ठिपक्यांनी भरलेली, प्रत्येक ठिपक्याभोवती दुधी कडं. शंभरपट पातळ केलेल्या नमुन्याचा 0.1 मिली पसरलेल्या प्लेटवर असे 38 ठिपके, म्हणजे कॉलनी, मोजल्या. म्हणजे ग्रॅममागे 38,000 जंतू. असं कडं लिस्टेरियाच्या आणखी एका जातीलाही येतं, त्यामुळे रॅम्नोज आणि झायलोज या साखरांच्या चाचण्या होईपर्यंत मी तोंडी काही सांगितलं नाही. रॅम्नोज पॉझिटिव्ह आणि झायलोज निगेटिव्ह आल्यावर शंका उरली नाही. लिस्टेरिया मोनोसायटोजेनस.

फोनवर प्रॉडक्शन मॅनेजर म्हणाले, "मॅडम, माल एक दिवसही फ्रीजबाहेर नव्हता. मग वाढला कसा?"

मी म्हटलं, "साहेब, तो फ्रीजमध्येच वाढला."

हे पचायला जड जातं, कारण थंडीत जंतू झोपतात हे आपण गृहीत धरलेलं असतं. साल्मोनेलाच्या बाबतीत 4 अंशांवर ते खरंही आहे. लिस्टेरिया मात्र शून्याच्या आसपासही हळूहळू वाढते. थंडीत तिच्या पेशीचं आवरण घट्ट होऊ नये म्हणून ती त्यातली स्निग्धाम्लं बदलते, आणि अन्नातले बीटेन, कार्निटिनसारखे पदार्थ आत ओढून पेशीचं काम चालू ठेवते. दुधात 4 अंशांवर तिची संख्या साधारण दीड दिवसात दुप्पट होते, 8 अंशांवर अर्ध्या दिवसात. ग्रॅममागे एक पेशी धरली तर पंधरा वेळा दुप्पट झाल्यावर 32,768 होतात. दीड दिवसाच्या वेगाने त्याला साडेबावीस दिवस लागतात. सलामीतल्या मिठाने आणि नायट्राइटने वेग मंदावतो, तेव्हा सुरुवातीला पेशी थोड्या जास्त असतील, पण हिशेब महिन्यात बसतो. ग्राहकाचा फ्रीज 8 अंशांवर असेल, आणि सतत दार उघडलं जाणाऱ्या घरात तो अनेकदा असतो, तर हीच मजल आठवड्या-दीड आठवड्यात गाठली जाते. शिवाय व्हॅक्यूम आणि थंडी यांमुळे एरवी अन्न नासवून आपल्याला सावध करणारे जंतू मागे पडतात. म्हणून वास येत नाही.

पहिल्या रिपोर्टमध्ये ती का सापडली नाही, हेही त्यांना हवं होतं. सलामी आतून 72 अंशांपर्यंत शिजते आणि त्यात लिस्टेरिया मरते. नंतर ती चकत्यांसाठी स्लायसरवर जाते. तिथे जंतू लागला तर सगळ्या मालाला सारखा लागत नाही, काही चकत्यांनाच लागतो. तिसाव्या दिवशीही पाचांत एकच पाकीट निघालं. पहिल्या दिवशी हजारोंमधून उचललेली पाच पाकिटं स्वच्छ निघणं अगदी शक्य होतं.

कोणी आजारी पडल्याची तक्रार नाही, असंही ते म्हणाले. पण या आजाराची लक्षणं दिसायला कधीकधी दोन महिन्यांहून जास्त लागतात, आणि गर्भवतीला नुसती कणकण येऊन मूल दगावू शकतं. मी त्यांना दक्षिण आफ्रिकेचं सांगितलं: 2017-18 मध्ये पोलोनी नावाच्या अशाच तयार मांसामुळे हजारावर लोक आजारी पडले, दोनशेवर दगावले. पोलोनी लोक न तळता, थेट पावात घालून खातात. आपली सलामीही तशीच खाल्ली जाते. पुन्हा शिजलीच नाही तर वाढलेला जंतू मारणार कोण?

त्यांनी त्याच दिवशी बाजारातला माल परत मागवला, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. आम्ही कारखान्यात जाऊन स्वॅब घेतले. धुतलेल्या स्लायसरचं पातं स्वच्छ होतं. पात्यामागचा गार्ड स्क्रू काढून उघडल्यावर आतल्या फटीत लिस्टेरिया मिळाली, मशीनखालच्या गटारीच्या जाळीवरही मिळाली. आता गार्ड रोज सुटा करून धुतात, मिश्रणात जंतूंची वाढ रोखणारे सोडियम लॅक्टेट आणि डायअॅसिटेट घालतात, मुदत कमी केली आहे आणि शेवटच्या तारखेची तपासणी 8 अंशांवर ठेवलेल्या पाकिटांवर होते. स्वॅबही धुतल्या धुतल्या घेत नाहीत. मशीन दोन-तीन तास चालली, हादरे बसून फटीतलं पाणी बाहेर आलं, की मग घेतात.