अकरावी स्लाईड

आमची कंपनी लहान आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ऑफिस, आणि काम म्हणजे बोअरवेलवर सौर पंप बसवणं आणि ते चालू ठेवणं. निविदांची कागदपत्रं मी बघते. मागच्या एप्रिलमध्ये एका संस्थेची निविदा आली होती, 60 गावांतल्या सौर पाणी योजनांच्या पाच वर्षांच्या देखभालीची. सोबत 34 प्रश्नांची प्रश्नावली होती, आणि प्रत्येक उत्तरापुढे 'आधार' नावाचा रकाना. माहिती खोटी निघाल्यास निविदा बाद आणि बयाणा रक्कम जप्त, हे पहिल्याच पानावर ठळक छापलेलं.

दादा, म्हणजे आमचे मालक, म्हणाले, "आपलं प्रेझेंटेशन आहे ना. त्यातलंच उचलून भरून टाक."

ते प्रेझेंटेशन 18 स्लाईडचं. दोन वर्षांपूर्वी एका बैठकीसाठी केलेलं आणि दिसायला छान. पण स्लाईड ही समोर बसलेल्याला पटावं म्हणून लिहिलेली असते, आणि प्रश्नावली नंतर तपासायला येणाऱ्यासाठी. मधल्या प्रवासात वाक्यातले छोटे शब्द गळतात. 'सुमारे' जातो, 'प्रशिक्षणासह' जातो, आणि 'सेवा दिली'चं नकळत 'काम पूर्ण केलं' होतं. म्हणून मी उत्तरं लिहायला घेतलीच नाहीत. आधी एक तक्ता केला: प्रश्न काय, त्यात नेमकं काय मोजायला सांगितलंय आणि कोणत्या काळातलं, कितवी स्लाईड, आणि स्लाईडवरचे शब्द जसेच्या तसे. उत्तराचा रकाना सगळ्यात शेवटी. मग प्रत्येक प्रश्नापुढे 'आहे', 'अर्धं आहे' किंवा 'नाही' असा शेरा मारला. 19 ठिकाणी 'आहे' आलं, 9 ठिकाणी 'अर्धं' आणि 6 ठिकाणी 'नाही'.

'नाही'चा त्रास कमी असतो. स्लाईडवर नाही म्हणजे दुसरा कागद शोधायचा; तोही नसेल तर 'सध्या उपलब्ध नाही' लिहायचं. खरी अडचण 'अर्धं आहे'ची. सातव्या स्लाईडवर '40 प्रशिक्षित तंत्रज्ञांचं जाळं' असं होतं. प्रश्न होता, पगारपत्रकावर किती तंत्रज्ञ आहेत. दोन्हीकडे तंत्रज्ञच, म्हणून 40 आकडा अलगद त्या चौकटीत जाऊन बसतो. पण त्या 40 मध्ये 29 जण ग्रामपंचायतींचे जलसुरक्षक होते. त्यांना प्रशिक्षण आम्ही दिलं, पगार मात्र आमचा नाही. मी 11 लिहिले आणि आधाराच्या रकान्यात भविष्य निर्वाह निधीचं चलन टाकलं, स्लाईड नाही. कारण 11 हा आकडा स्लाईडवर कुठेच नव्हता. 29 जलसुरक्षकांचा उल्लेख पुढच्या वाक्यात वेगळा केला आणि तिथे सातव्या स्लाईडचा आधार दिला.

बाविसावा प्रश्न मात्र दिवसभर पुरला. 'आपण देखभाल करत असलेल्या पंपांची वर्षभरातली कार्यरतता, नियोजित तासांच्या टक्केवारीत सांगा.' अकराव्या स्लाईडवर मोठ्या हिरव्या अक्षरांत 96 टक्के. तक्त्यात मी 'आहे' लिहूनही टाकलं होतं. स्लाईडवरचे शब्द उतरवायचे म्हणून ती मोठी करून बघितली, तेव्हा तळाशी राखाडी रंगात एक बारीक ओळ दिसली: '42 पंप, नोव्हेंबर ते फेब्रुवारी'.

हे चार महिनेच नेमके सौर पंपाचे सुखाचे. आभाळ मोकळं असतं आणि पावसाळ्यात मुरलेलं पाणी बोअरमध्ये टिकून असतं. आमच्याकडे खाली काळा पाषाण. पाणी राहतं ते भेगांत आणि झिजलेल्या थरात, आणि हा साठा थोडा. एप्रिल-मे आला की पातळी उतरते. ऊन भरपूर असतं, पण पाणी खाली गेल्यावर पंप कोरडा चालून जळू नये म्हणून कंट्रोलर तो बंद करतो. जूनमध्ये विजा पडून कंट्रोलर जातात, जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे तास घटतात. म्हणजे 96 हा आकडा खोटा नव्हता, पण ज्या आठ महिन्यांत पंप अडचणीत येतो तेच त्यात नव्हते.

मग आकडा काढला कसा, हे विचारायला मी आमच्या सुपरवायझर भाऊंना फोन लावला. ते एका गावात टाकीजवळ उभे होते.

"भाऊ, रजिस्टरमध्ये 'चालू' कधी लिहिता?"

"ताई, पंप सकाळून घंटाभर जरी चालला, तरी मी खूण मारतो. दिवसभर बंद असला तरच फुली. मले त तसंच सांगतलं होतं."

म्हणजे ते दिवस होते, तास नव्हते. चार महिन्यांचे 120 दिवस, 42 पंप, एकूण 5040 पंप-दिवस. त्यातल्या 202 दिवसांवर फुल्या. हिशेब चोख 96 टक्क्यांचा. पण प्रश्नात नियोजित तास होते, आणि घंटाभर चालून बंद पडलेला पंप आमच्या रजिस्टरात पूर्ण दिवसाचा चालू होता.

संध्याकाळी दादांसमोर तक्ता ठेवला. ते चिडले नाहीत, पण गप्प झाले. मग म्हणाले, "स्लाईडवर 96 आहे, आपण 96 लिहिलं, यात खोटं काय?"

मी म्हटलं, "दादा, 96 खरा आहे. पण त्याच्याखालची ओळ सोडून लिहिला तर तो वर्षाचा होतो आणि तासांचा होतो. त्यांनी मे महिन्याचं रजिस्टर मागितलं तर?"

ते बराच वेळ कागद बघत राहिले. गेल्या मे महिन्यात कोणकोणत्या गावांतून रोज फोन येत होते, ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त आठवत असणार. "लिही मग जसं आहे तसं," म्हणाले.

उत्तर असं गेलं: 'नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत 42 पंपांच्या एकूण 5040 पंप-दिवसांपैकी 96 टक्के दिवशी पंप चालू होता. ज्या दिवशी पंप काही वेळ तरी चालला तो दिवस चालू धरला आहे. नियोजित तासांनुसार आणि पूर्ण वर्षाची नोंद सध्या उपलब्ध नाही. आधार: स्लाईड 11 व तळटीप, नोंदीची पद्धत व दिवसांचा हिशेब: देखभाल रजिस्टर.'

त्यानंतर मी उरलेल्या 18 'आहे' पुन्हा तपासले, या वेळी प्रत्येक स्लाईड मोठी करून. त्यातले दोन 'अर्धं आहे'मध्ये गेले. एकात 'तक्रार 48 तासांपर्यंत सोडवतो' यातला 'पर्यंत' माझ्याच हातून उतरवताना सुटून 'सरासरी' झाला होता. दुसऱ्यात गुणवत्ता प्रमाणपत्राचं चिन्ह होतं, पण मुदत नव्हती. फाईल काढली तर मुदत संपून पाच महिने झालेले. ते उत्तर 'नूतनीकरण बाकी' असं बदललं.

तांत्रिक लिफाफा उघडल्यावर त्यांनी आम्हाला खुलाशासाठी बोलावलं आणि बाविसाव्या प्रश्नावरच थांबले. त्यांच्या अभियंत्यांनी मूळ रजिस्टर मागितलं. मी सोबत नेलं होतं. त्यांनी डिसेंबरची दोन पानं फुल्या मोजत तपासली आणि परत दिली. त्या प्रश्नाला आम्हाला 10 पैकी 5 गुण मिळाले. तांत्रिक टप्प्यात आम्ही पात्र ठरलो, पण काम दरात दुसऱ्या कंपनीला गेलं.

अकरावी स्लाईड आता बदलली आहे. तळाची ओळ 96 च्या शेजारी, त्याच हिरव्या रंगात आहे. रजिस्टरमध्ये तासांचा रकाना मे महिन्यापासून सुरू झाला. कंट्रोलरच्या पडद्यावर एकूण चाललेले तास दिसतात, तेच रोज उतरवायचे आणि आदल्या दिवसाचे वजा करायचे. पहिल्या आठवड्यात भाऊंचा फोन आला.

"ताई, टेकडीवरच्या गावातला पंप आज साडेतीन घंटेच चालला. लिहू?"

"लिहा भाऊ," मी म्हटलं. "आणि पाण्याची पातळीही शेजारी टाका."